लिस्बनला बसने जा

चि. सागर,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन मधेच ठेवलास. मी रागावलेलो नाही, पण लिहिल्याशिवाय डोक्यातून जाणार नाही.

लायसन्सच्या नूतनीकरणाचं काम तू स्क्रीन दाखवत इतक्या लवकर उरकलंस की छाती फुगली. वैद्यकीय दाखला कुठे अपलोड करायचा, हे मी सारखं विचारत होतो आणि तू हसत होतास. तुमच्याकडे स्पेनमध्ये तपासणी केंद्रच निकाल, फोटो, सही परस्पर वाहतूक खात्याच्या संगणकावर चढवतं, हे मला काय माहीत? तो निकाल ९० दिवसच चालतो म्हणालास. दोन हातांत दोन दांडे धरून पडद्यावरच्या दोन वळणावळणाच्या रस्त्यांतून दोन ठिपके न्यायचे, ही परीक्षा मला आवडली. मी नापास झालो असतो.

पत्त्याच्या पानावर मात्र तू न वाचताच पुढे चालला होतास. १४ नंबर मी ओळखला, कारण दिवाळीचा फराळ त्या जुन्याच घरी पाठवत होतो. पक्कं कार्ड टपालाने येतं ना? मग ते कुणाच्या दारात पडलं असतं? असो. पत्ता बदललास, कार्डाने २४.५८ युरो भरलेस, पावती आली. तिचा नंबर वहीत लिहून ठेव.

शेवटच्या पानावरचा तात्पुरता परवाना तूच वाचून सांगितलास: तीन महिने, फक्त स्पेनच्या हद्दीत. आणि लगेच म्हणालास, १२ तारखेला सगळे गाडीने पोर्तुगालला, लिस्बनला! जुन्या कार्डाची मुदत ३ तारखेला संपतेय. फोनमधलं लायसन्ससुद्धा हद्दीपलीकडे चालत नाही. तीन महिने आधी अर्ज केला असतास तरी नव्या कार्डाची मुदत कमी झाली नसती, पण तुला दर वेळी शेवटचा आठवडाच... जाऊ दे. चाळिशीच्या मुलाला काय बोलायचं. चुकलं माझं.

पण शिकवणारा मी कोण? गाडीवर असताना एकदा डोळ्यांच्या तपासणीला मी तक्त्याची खालची ओळ पाठ करून गेलो होतो. तुझ्या आईलाही माहीत नाही. त्याच पावसाळ्यात कुंभार्ली घाटात रात्री समोरच्या ट्रकचे दोन दिवे मला चार दिसले. तू तेव्हा मागच्या बाकावर झोपला होतास.

तू तसलं काही केलं नाहीस, हे मला ठाऊक आहे. चष्मा लावूनच तपासणी दिलीस ना? रात्री गाडी चालवताना तोच लाव, काकांच्या लग्नातला जुना नको.

आणि लिस्बनच्या बसची वेळ कळव. तिकिटांचे पैसे मी पाठवतो, हसू नकोस.

तुझा,
बाबा