भेटायला जाताय, तर चौकशी नको

संपादक महोदय,
आमच्या वाडीतला ट्रॉलरवरचा एक खलाशी नुकताच वारला, दारूने लिव्हर गेलं होतं. भेटायला येणारे त्याच्या बायकोलाच विचारत होते, अगो, वेळेवर सोडवायला का नाय नेलंस?

अहो, तिने नेलं होतं. मधे त्याने स्वतःहून एकदम बंदही केली, तर दुसऱ्याच दिवशी हात थरथरायला लागले आणि फिट आली, कारण रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरशिवाय अचानक थांबवलं की पहिल्या दोनेक दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. मग घाबरून परत प्यायला तर आपण म्हणणार मनाचा कच्चा.

हे सगळं तिने सुतकात बसून लोकांना समजावत बसायचं का? "तू खूप केलंस गो" एवढं म्हणा, जाळं विणण्यात त्याचा हात किती बसलेला होता ते पोरांना ऐकू दे. आणि खरी गरज तेराव्यानंतर असते, गर्दी गेल्यावर, तेव्हा मासळी घेऊन जा, बँकेत सोबत जा.

– एक वाचक, रत्नागिरी