स्वर्गारोहण गुरुवारीच येतं, शुक्रवारी नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या सणवारांच्या यादीत यंदा येशू स्वर्गात गेल्याचा सण स्वर्गारोहण शुक्रवार १५ मे २०२६ आणि शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याचा सण पेन्टेकॉस्ट सोमवार २५ मे असं छापलंय. दोन्ही तारखा एकेक दिवस पुढे सरकल्यात, बहुतेक कोणीतरी ईस्टरच्या ५ एप्रिलमध्ये सरळ ४० आणि ५० मिळवले असावेत. ही चूक बऱ्याच ठिकाणी दिसते म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मोजायची रीत अशी की ईस्टरचा रविवार हाच पहिला दिवस. मग पुढचा रविवार आठवा, त्यानंतरचे १५, २२, २९ आणि ३६. छत्तिसाव्या रविवारनंतर सोमवार ३७, मंगळवार ३८, बुधवार ३९ आणि गुरुवार ४०, झालं स्वर्गारोहण, म्हणजे तारखेत मिळवायचे फक्त ३९. तसंच पुढे ४३ वा रविवार आणि ५० वा पण रविवारच, तो पेन्टेकॉस्ट, त्यासाठी ४९ मिळवायचे. ५ एप्रिलवरून हिशोब केला की १४ मे आणि २४ मे येतात. ईस्टर कायम मार्च-एप्रिलमध्ये येतो, त्यामुळे लीप वर्षाचा इथे काही संबंध येत नाही.

चाळीस दिवसांचा आधार बायबलमध्येच आहे, प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्याच अध्यायात येशू पुनरुत्थानानंतर चाळीस दिवस शिष्यांना दिसत राहिला असं सांगितलंय. आणि या दोन सणांच्या मध्ये ४१ ते ४९ असे बरोबर नऊ दिवस उरतात, कॅथलिक लोक पवित्र आत्म्यासाठी नऊ दिवसांची प्रार्थना म्हणजे नोव्हेना करतात ते हेच.

चूक ओळखायला वार बघायचा. स्वर्गारोहण शुक्रवारी आलं की समजायचं एक दिवस जास्त धरलाय. पेन्टेकॉस्टच्या बाबतीत मात्र फसायला होतं, कारण जर्मनीसारख्या देशात त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या सोमवारीही सुट्टी असते, त्यामुळे चुकीचा सोमवारसुद्धा खरा वाटतो.

आता दोन ठिकाणी मात्र तारीख वेगळी दिसली तरी ती चूक नसते. बऱ्याच कॅथलिक धर्मप्रांतांत लोकांना गुरुवारी येणं जमत नाही म्हणून स्वर्गारोहण पुढच्या रविवारी, म्हणजे ४३ व्या दिवशी घेतात. तिथे यंदा १७ मे, पेन्टेकॉस्ट मात्र जिथल्या तिथे. आणि ऑर्थोडॉक्स चर्चचा ईस्टर बहुतेक वर्षी वेगळा असतो, यंदा १२ एप्रिल, त्यामुळे त्यांच्याकडे हेच ३९ आणि ४९ मिळवून २१ मे आणि ३१ मे येतं. म्हणून यादीत नुसतं स्वर्गारोहण न लिहिता कोणत्या ईस्टरवरून मोजलंय तेही लिहा, आणि दुरुस्ती १४ मेच्या आधी छापा ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक