घोळ मालाचा नाही, घड्याळाचा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी भांग पिऊन अत्यवस्थ झालेल्यांच्या बातम्या येतात आणि त्यांत हमखास एक वाक्य असतं : ‘भांगेत भेसळ असल्याचा संशय’. भेसळ असूही शकते. पण पुष्कळदा घोळ मालाचा नसतो, घड्याळाचा असतो.

भांग आणि गांजा एकाच झाडाचे, आणि दोन्हींत नशा आणणारं द्रव्य एकच, टीएचसी. फरक वाटेचा आहे. चिलमीचा धूर फुप्फुसात गेला की टीएचसी तिथल्या रक्तात उतरतं आणि हृदयातून सरळ मेंदूकडे जातं. परिणाम काही मिनिटांतच जाणवतो, रक्तातलं प्रमाण साधारण १० मिनिटांत शिगेला पोचतं आणि दोन-तीन तासांत नशा ओसरू लागते. जास्त झालं तर ओढणाऱ्याला लगेच कळतं आणि तो चिलीम पुढे सरकवतो.

प्यायलेल्या भांगेला आधी आतड्यातून आणि मग यकृतातून जावं लागतं. यकृत बरंचसं टीएचसी मोडून टाकतं. मग भांग सौम्य ठरायला हवी, पण तसं होत नाही. मोडताना यकृत त्याचं एक नवं रूप तयार करतं, ११-हायड्रॉक्सी-टीएचसी. ते मेंदूत सहज शिरतं आणि मूळ द्रव्याइतकंच, किंबहुना त्याहून जोरकस असतं. धूर ओढला तर हे रूप फार थोडं बनतं, प्यायल्यावर बरंच. म्हणून भांगेची नशा उशिरा येते, वेगळी वाटते आणि लांबते.

आता उदाहरण घेऊ. सकाळी ११ वाजता एकानं थंडाईचा पेला घेतला. पाऊण तास झाला तरी काही नाही. ‘पाणीच घातलंय वाटतं’ म्हणत पावणेबाराला दुसरा पेला. तोही तळाचा, म्हणजे वाटलेल्या पाल्याचा गाळ जास्त. साडेबाराच्या सुमारास पहिला पेला चढू लागतो. एक ते दोनच्या दरम्यान तो भरात असतो आणि नेमका तेव्हाच दुसरा येऊन मिळतो. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, वेळ सरकत नाही, आपण आता मरणार अशी भीती वाटते. संध्याकाळ उलटून गेली तरी माणूस ताळ्यावर येत नाही. पोट भरलेलं असेल तर सुरुवात आणखी लांबते, उशीर एक-दोन तासांचाही असू शकतो.

लिंबू, लोणचं, ताक यांनी चढलेली भांग उतरत नाही, ती रक्तात गेलेली असते. गुंगीत असलेल्याला मिठाचं पाणी पाजून ओकायला लावणं तर धोक्याचंच, उलटी श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर निजवावं. लहान मूल चुकून प्यायलं, माणूस जागा होईना किंवा छातीत दुखू लागलं, तर १०८ ला फोन करावा.

‘पोटातली वाट हळू, म्हणजे सुरक्षित’ हा समज जसा खोटा, तसा दुसऱ्या टोकाचा धोका निराळा. ब्राऊन शुगर पन्नीवर जाळून धूर ओढणारा मधेच पेंगतो, हातातली पन्नी गळते आणि उरलेला माल बाहेरच राहतो. तोच माल शिरेत टोचला की दट्ट्या दाबल्यावर काही परत घेता येत नाही. सगळा एकदम मेंदूत पोचतो आणि श्वास मंदावत थांबू शकतो. शिवाय त्यातली भुकटी-माती गाळायला ना आतडं ना यकृत. ती शिरा खराब करते, गळवं उठतात, आणि सुई वा पाणी एकत्र वापरलं तर एचआयव्ही आणि हेपॅटायटिस सी यांची लागण होते. धुरात सुई नसते, पण लत लावण्यात धूर मागे नाही. जितकं झटकन चढतं नि उतरतं तितकी पुन्हा घेण्याची ओढ जबर.

नाकाची वाट या दोहोंच्या मधली. कोकेन नाकाच्या आतल्या रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे स्वतःचंच शोषण काहीसं लांबवतं. पण रोज रक्त न मिळालेला नाकाचा पडदा मरत जातो आणि शेवटी त्याला भोक पडतं. वरचेवर घोळणा फुटणं, नाकात खपल्या धरणं, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येणं ही त्याची चिन्हं.

रुग्णालयात नातेवाईक ‘काय घेतलं’ ते सांगतात. त्याबरोबर ‘कसं घेतलं’ आणि ‘किती वाजता’ हेही सांगावं. बारा वाजता ओढलेल्याचा भर दोन वाजता ओसरत असतो, बारा वाजता प्यायलेल्याचा तेव्हा कदाचित वाढत असतो. अशाला ‘जरा बरं वाटतंय’ म्हणून लगेच घरी धाडणं बरं नव्हे.

आपला,
औषधशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, सोलापूर