बाटलीतला उसाचा रस

चि. मीनल,
अनेक आशीर्वाद.

दुपारी भरून आणलेला उसाचा रस संध्याकाळी जरा बुळबुळीत लागला, आंबट मात्र नव्हता, मग तो प्यायला चालला असता का, असं तू विचारलंस. ओतलास ते बरं केलंस.

तो बुळबुळीतपणा आम्हा कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या माणसांच्या ओळखीचा. ऊस तोडून पडून राहिला की त्यात ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू वाढतात आणि साखरेपासून डेक्स्ट्रान हा चिकट पदार्थ बनवतात. रस दाट होतो, गाळला जात नाही. तुझ्या बाटलीत हेच चाललं होतं. हे जिवाणू मुळात उसाच्या सालीवरच असतात. चरकातून ऊस गेला की ते रसात उतरतात, आणि तिथे त्यांना साखर, पाणी आणि ऊब आयतीच मिळते. पाठोपाठ यीस्ट कामाला लागतं. झाकण उघडताना फुस्स आवाज आला किंवा बाटली फुगली, तर ते यीस्टचं काम. रंग काळवंडणं मात्र वेगळं. ते हवा आणि रसातल्या एन्झाइममुळे होतं, अगदी ताज्या रसातही. लिंबू पिळलं की रंग टिकतो, म्हणून लोकांना वाटतं रसच टिकला.

पण मला काळजी या बुळबुळीत जिवाणूंची नाही, ते निदान कळतात तरी. हात, बर्फ, पाणी, न धुतलेला ऊस यांतून साल्मोनेला किंवा ई. कोलायसारखे जंतू आले, तर चव, वास, रंग काहीच बदलेल असं नाही. हिशोब करून बघ. रसात शंभर जंतू आले आणि वातावरण मानवलं, तर ते वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. तीन तासांत नऊ वेळा दुप्पट, म्हणजे एक्कावन्न हजारांच्या वर. प्रत्यक्षात एवढा वेग दर वेळी नसतो, पण गरम पिशवीतली बाटली त्यांच्या सोयीचीच. गाड्यावर उभ्यानं प्यायलेल्या पेल्यातही शंभर असतीलच, फरक त्या तीन तासांचा.

संत्र्या-मोसंबीचा रस जास्त आंबट असल्यामुळे त्यात जंतूंना वाढायला जड जातं, पण सगळे मरत नाहीत. बर्फानंही मरत नाहीत. बर्फ वितळला की रस परत कोमट, वर पाणचट.

आणायचाच असेल तर बर्फ न घालता भरून घे, घरी पोचताच फ्रीजमध्ये ठेव आणि त्याच दिवशी संपव. बाहेर एकूण दोन तासांपेक्षा जास्त गेले, कडक उन्हात तर एक तास, की फेकून दे. फ्रीजमध्ये जंतूंची वाढ मंदावते, झालेली वाढ मागे जात नाही. आणि बाटलीच्या झाकणातली रबरी चकती काढून घास, मागचा रस तिथेच चिकटून बसतो.

त्यापेक्षा सालीसकट उसाची कांडी आण. घरी धू, सोल आणि चावून खा. दात अजून शाबूत आहेत ना?

तुझे,
बाबा