सहकारमंत्री साहेब, आमच्या करारात दोन घड्याळं आहेत

मा. सहकार मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या खात्याच्या एका कार्यालयातून आमच्या अर्जाला उत्तर आलं. तीन ओळींचं. सोसायटी आणि विकासक यांच्यातला वाद करारातला आहे, तरी सक्षम न्यायालयात दाद मागावी. सही, शिक्का, जावक क्रमांक, सगळं जागच्या जागी. आमचं भाडं जून 2024 पासून बंद आहे एवढंच काय ते त्या उत्तरात नव्हतं.

मी निवृत्त बँक कर्मचारी. मुलुंड पूर्वेला 1978 साली बांधलेल्या 32 बिऱ्हाडांच्या इमारतीत आमचं घर होतं. ‘होतं’ म्हणते, कारण इमारत पुनर्विकासाला दिली आणि आता तिथे नवव्या मजल्यावर थांबलेला सांगाडा आहे. आपण कामात असता, म्हणून आधी मुद्द्याचंच सांगते. करार शंभर पानांचा आहे, पण आम्हाला बुडवलं ते त्यातल्या दोन कलमांनी.

पहिलं कलम भाड्याचं. जागा रिकामी केल्यापासून 36 महिने विकासक भाडं देईल. दुसरं कलम विलंबाचं. काम 36 महिन्यांत पूर्ण होईल, अधिक 12 महिने सवलतीचे, आणि त्यानंतर दंड. सभेत दोन्ही ठिकाणी ‘36’ ऐकून लोकांनी माना डोलावल्या. पण दुसऱ्या कलमातले 36 महिने जागा रिकामी केल्यापासून मोजायचे नाहीत, ‘पूर्ण सीसी मिळाल्यापासून’ मोजायचे आहेत. सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करण्याचा दाखला, महापालिका टप्प्याटप्प्यानं देते. आधी जोत्यापर्यंत, मग पुढच्या मजल्यांचा, आणि शेवटी पूर्ण उंचीचा. जादा बांधकामासाठीच्या शुल्काचे, म्हणजे प्रीमियमचे, हप्ते विकासक जसे भरेल तसा पुढचा दाखला मिळतो. म्हणजे विलंबाचं घड्याळ कधी सुरू करायचं, हे विलंब करणाऱ्याच्याच हातात!

आमचं गणित मांडते. जून 2021 मध्ये आम्ही चाव्या दिल्या. त्या वर्षी आपल्या सरकारनं बिल्डरांना प्रीमियममध्ये पन्नास टक्के सूट दिली होती, डिसेंबर 2021 पर्यंत. ती हातची जाऊ नये म्हणून आमच्यामागे घाई लावली गेली. भर पावसाळ्यात टेम्पो भरले. भाड्याचे 36 महिने जून 2024 ला संपले. पूर्ण सीसी मिळाली मार्च 2023 मध्ये. त्यात 36 मिळवा, मार्च 2026. सवलतीचे 12, मार्च 2027. भाडं संपल्यापासून दंड सुरू होईपर्यंत 33 महिने, आणि या 33 महिन्यांत विकासकावर आमचं एक पैशाचं देणं नाही. कराराप्रमाणे त्यानं काही चुकवलेलंच नाही, साहेब. तो अगदी वेळेत आहे.

आमचं भाडं जुन्या घराच्या कार्पेटवर, म्हणजे चटई क्षेत्रावर, चौरस फुटाला 60 रुपये. माझं घर 415 फुटांचं, म्हणजे महिना 24,900. तेही तीन वर्षं एकच. घरमालक दर अकरा महिन्यांनी वाढवतो, करारात वाढीचं कलम नाही. 33 महिन्यांचे झाले 8,21,700. आता कॉर्पस बघा, म्हणजे विकासकानं सभासदाला भाड्याशिवाय द्यायची ठोक रक्कम. जुन्या कार्पेटवर फुटाला 2,000, म्हणजे 8,30,000. जो कॉर्पस मिळणार म्हणून सभेत पेढे वाटले गेले, तो जवळजवळ सगळा त्या 33 महिन्यांच्या फटीत जातो. शिवाय त्यातले सत्तर टक्के ताब्याच्या वेळी मिळायचे आहेत, आणि ताबा कधी, ते देव जाणे.

कॉर्पस कशासाठी असतो, हे तरी कुणी आम्हाला सांगितलं होतं का? नव्या इमारतीतला वाढीव मेंटेनन्स त्याच्या व्याजातून भागावा म्हणून. जुन्या इमारतीत मला महिना 2,200 मेंटेनन्स होता. नव्या टॉवरला लिफ्ट तीन, यांत्रिक पार्किंग, जिम आणि कसलासा झेन गार्डन. सोसायटीच्या प्रकल्प सल्लागारानं, पीएमसीनंच, तोंडी अंदाज दिला, फुटाला बारा रुपये. नव्या घराच्या 560 फुटांना 6,720. म्हणजे वाढीव 4,520. सात टक्क्यांनी 8,30,000 चं महिन्याचं व्याज 4,840 च्या आसपास येतं, कराआधी. पूर्ण कॉर्पस पहिल्या दिवशी बँकेत पडला असता तर कसंबसं भागलं असतं. मालमत्ता कराचा भार मी अजून धरलेलाच नाही.

आणि 560 फूट तरी कुठे आहेत? ‘पस्तीस टक्के जादा’ ही जाहिरात. 415 वर पस्तीस टक्के, 560. करारातला शब्द मात्र ‘वापरण्यायोग्य चटई क्षेत्र’. रेरा या बांधकाम व्यवसायाच्या नियमनाच्या कायद्यात चटई क्षेत्राची व्याख्या आहे: बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी, गच्ची वगळून उरते ती जागा, आतल्या भिंती धरून. आमच्या करारात ती व्याख्या नाही. मंजूर नकाशा घेऊन एका ओळखीच्या आर्किटेक्टकडे बसले, तर रेराच्या हिशेबानं भरले 497. बाकीचे 63 फूट म्हणजे बाल्कनी, ड्राय यार्ड, एसीची पट्टी आणि खिडकीखालचा कोनाडा. त्या कोनाड्यात मी काय ठेवू? जुनं 415 भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजलेलं होतं, तर 497 मध्ये आतल्या भिंतींचे वीसेक फूट आहेत. ते काढले की 477. पस्तीस टक्के म्हणता म्हणता वाढ पंधरा टक्क्यांवर आली. त्यावर आणखी तीन टक्के कमी-जास्त झालं तर भरपाई नाही, हे कलम वेगळं.

हे सगळं मी विशेष सर्वसाधारण सभेत विचारलं होतं. सेक्रेटरी म्हणाले, “ताई, विकासाला खीळ घालू नका.” आपल्या खात्याचे अधिकारी त्या सभेला हजर होते. सहकार कायद्यातल्या कलम 79(अ) खालच्या पुनर्विकासाच्या निर्देशांप्रमाणे विकासक निवडीच्या सभेला ते येतात, चित्रीकरणही होतं. त्यांनी कोरम मोजला, सह्या पाहिल्या, चहा घेतला. कलम कुणी वाचलं नाही, कारण ते त्यांचं काम नाही.

मग कुणाचं, साहेब? 2009 साली निर्देश निघाले, 2019 ला सुधारून पुन्हा निघाले. त्यात काम दोन, फार तर तीन वर्षांत पूर्ण करायला सांगितलंय. प्रकल्प खर्चाच्या वीस टक्के बँक गॅरंटी घ्यायला सांगितलीय. आमचा प्रकल्प साठ कोटींचा, म्हणजे गॅरंटी बारा कोटींची हवी. घेतली एक कोटीची, आणि तीही एका वर्षाच्या मुदतीची. ज्या बँकिंगवर मी आयुष्य काढलं त्यातली ही साधी गोष्ट: गॅरंटीची मुदत आणि दाव्याची मुदत संपली की तो कागद रद्दी. नूतनीकरण विकासकानं करायचं होतं, त्यानं केलं नाही. कमिटीनं मागितलं नाही, वकिलांनी आठवण दिली नाही. आणि हे निर्देश मोडले तर? उच्च न्यायालयानं ते मार्गदर्शक मानले, बंधनकारक नव्हे. म्हणजे आपण काढलेला आदेश हा प्रेमळ सल्ला आहे.

दंडाचं ऐकाल तर हसाल. मार्च 2027 नंतर तो सुरू झालाच, तर महिना वीस हजार. प्रत्येकाला नव्हे, अख्ख्या सोसायटीला. भागिले 32, म्हणजे माणशी 625 रुपये. आमचं भाडं थांबवून विकासक महिन्याला जवळपास आठ लाख वाचवतोय. आठ लाख वाचवायचे आणि वीस हजार भरायचे, तर इमारत पूर्ण करायला तो वेडा आहे का? त्यातही ‘दैवी आपत्ती’च्या व्याख्येत महापालिकेचा उशीर आणि बाजारातली मंदी दोन्ही घातली आहेत. बाजार पडला की देव कोपला!

माझ्या सासूबाई या काळात गेल्या, तिसऱ्या भाड्याच्या घरात. आपल्या घरी न्या, एवढंच शेवटी म्हणायच्या. घरमालकानं दिवसकार्य घरात करायला मनाई केली. घर त्यांच्या नावावर, म्हणून भाड्याचे चेकही त्यांच्याच नावाचे. वारस नोंद होईपर्यंत शेवटचे चेक विकासकानं अडवून धरले, आणि तोवर 36 महिने संपले. यजमानांना दम लागतो आणि आम्ही लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहोत, कारण लिफ्टवालं घर 38,000 च्या खाली मिळत नाही. पेन्शन किती, ते लिहीत नाही. आपल्याला ते आपल्या वाहन भत्त्यासारखं वाटेल.

या राज्यात कुणाचं काय हरवतं आणि कुणाचं वाचतं, हे आता पाठ झालंय. बिल्डरला प्रीमियम जड झाला की सूट. कोविड आला की रेरात सहा महिने मुदतवाढ. आमच्यासाठी? आम्ही विरोध केला की न्यायालय म्हणतं, सभासदाला सोसायटीहून वेगळा आवाज नाही. आम्ही बुडालो की सहकार खातं म्हणतं, हा खासगी करार. रेराकडे जावं तर विक्रीच्या सदनिका घेणाऱ्याला जे संरक्षण आहे ते आम्हा जुन्या सभासदांना सहज मिळत नाही. ज्यांच्या जमिनीवर सगळं उभं राहतंय तेच कायद्यात कुठे बसत नाहीत! दस्त नोंदवताना मुद्रांक शुल्क रुपयानं कमी पडलं तर नोंदणी अडते. त्याच दस्तात माणसं रस्त्यावर येतील असं कलम असलं तर शिक्का बसतो. गोरेगावच्या पत्राचाळीतली 672 कुटुंबं वर्षानुवर्षं भाड्याविना हेच सांगत होती. तिथे तर करारात म्हाडाही होती.

मागणं फार नाही. करारात घड्याळ एकच असावं, शेवटच्या सभासदाची चावी घेतल्याच्या दिवसापासून सुरू होणारं. भाडं 36 महिन्यांचं नव्हे, ओसी, म्हणजे राहायला जाण्याचा दाखला, येऊन चावी हातात पडेपर्यंतचं असावं. दंड भाड्याव्यतिरिक्त, दर सभासदामागे, आणि चालू बाजारभाड्याहून कमी नाही. चटई क्षेत्र रेराच्या व्याख्येनं, खोलीनिहाय तक्ता जोडून. गॅरंटी ओसीपर्यंत चालू, नाहीतर पुढच्या सीसीला स्थगिती. आणि हे सल्ला म्हणून नको, नियम म्हणून हवं. याविना विकास करार नोंदलाच जाऊ नये. मोडला तर कुठल्या कार्यालयात जायचं तेही लिहा, म्हणजे तीन ओळींचं उत्तर लिहायचे आपल्या माणसांचे कष्ट वाचतील.

उत्तर नाही दिलंत तरी एक करा. आमच्या मागच्या गल्लीतल्या सोसायटीची याच विषयावर पुढच्या रविवारी सभा आहे. वकील तेच, मसुदाही बहुतेक तोच. एका बाईंनी मला दाखवला, 36 दोन्ही ठिकाणी आहे. आपले अधिकारी तिथे जातीलच. कोरम मोजून झाला की भाड्याचं आणि विलंबाचं, ही दोन कलमं त्यांनी शेजारी ठेवून मोठ्यानं वाचावीत.

आपली,
मुलुंडमधल्या एका सोसायटीची सभासद, सध्या भाडेकरू