ऋषिपंचमीच्या आधी उघडू नये

लाइपझिग, 24 ऑगस्ट 2026

ती. सौ. काकूंना,
शि. सा. नमस्कार.

मनूने माझं ऐकलं असेल, तर आज 15 सप्टेंबर आहे, ऋषिपंचमी आहे, आणि आतलं पाकीट तुम्ही आत्ताच फोडलं आहे. बाहेरच्या पाकिटावर तिचं नाव घातलं होतं आणि आतल्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "ऋषिपंचमीच्या आधी उघडू नये." एवढी बंदी का, ते पुढे सांगते. आधी वाढदिवसाचा नमस्कार घ्या. साठ वर्षं पूर्ण झाली. तुम्ही जन्मलात ते पराभव संवत्सर साठ संवत्सरांची फेरी पुरी करून या पाडव्याला परत आलं. नाव ऐकायला बरं वाटत नाही, पण तुमच्यासारखं माणूस त्याच संवत्सरात आलं, म्हणून मला ते आवडतं.

काकू, आपली भेट अवघी चार वेळा झाली आहे, आणि त्यातलीही एक दापोलीच्या एस.टी. स्टँडवर दहा मिनिटांची. तेव्हा एवढं लांब पत्र लिहिण्याचा माझा अधिकार आहे का, असं दोनदा मनात आलं. पण 2019 च्या गणपतीत मी मनूबरोबर तुमच्याकडे आले होते तो दुसरा दिवस माझ्या मनातून जात नाही. चतुर्थीला मोदक वळून तुमची पाठ धरली होती आणि पंचमीला सकाळी तुम्ही पुन्हा मागच्या दारी अळू चिरायला बसलात. दुपारी तुमच्या माहेरून मामांचा फोन आला, तेव्हा कळलं की आज तुमचा जन्मदिवस. घरात कोणाच्याच तोंडून तोवर ते निघालं नव्हतं. दाखल्यावर 1 जून, त्यामुळे बँकेचा शुभेच्छांचा मेसेज जूनमध्ये येतो, आणि खरा दिवस गौरी-गणपतीच्या कामात बुडून जातो, हे तुम्ही हसत सांगितलंत. मला हसू आलं नाही.

आता बंदीचं कारण. इथे जर्मनीत वाढदिवसाच्या शुभेच्छा आधी द्यायच्या नाहीत. एक दिवस आधीसुद्धा नाही. आधी दिलेल्या शुभेच्छेने अपशकुन होतो असं मानतात, आणि चांगली शिकलेली, प्रयोगशाळेत काम करणारी माणसंही ते पाळतात. पहिल्या वर्षी आमच्या विभागातल्या एका बाईंचा वाढदिवस रविवारी होता. सोमवारपर्यंत भेटणार नाही, म्हणून मी शुक्रवारी संध्याकाळीच हात पुढे केला. त्यांनी दोन्ही हात वर धरले, चेहरा पडला, आणि "नको, अजून नको" म्हणाल्या. मला वाटलं काही उणंदुणं बोलून गेले. मग दुसऱ्या एकीने समजावलं: उशीर झाला तर चालतो, चार दिवसांनी दिल्या तरी आनंदाने घेतात, आणि त्या उशिरासाठी त्यांच्या भाषेत वेगळा शब्दच आहे. पण आधी नाही. मित्रमंडळी आदल्या रात्री जमतात, खातात-पितात, पण तोंडून "शुभेच्छा" हा शब्द बाराचे ठोके पडल्यावरच काढतात. भेटवस्तू आधी पोचली, तर तीही न उघडता टेबलावर ठेवतात.

दुसरी गोष्ट मला समजायला आणखी वेळ लागला. ज्याचा वाढदिवस त्यानेच केक आणायचा. आपल्याकडे बाकीचे वर्गणी काढतात. इथे वाढदिवसवाला सकाळी स्वतः भाजलेला केक घेऊन येतो, ऑफिसच्या छोट्या स्वयंपाकघरात मांडतो आणि सगळ्यांना निरोप पाठवतो. मग एकेकजण येऊन हात मिळवून शुभेच्छा देतो आणि आपला तुकडा घेऊन जातो. माझ्या पहिल्या वाढदिवसाला मी रिकाम्या हाताने गेले. चार वाजेपर्यंत कोणी काही बोललं नाही, आणि मी घरी येऊन आईशी फोनवर रडले. त्यांचंही चुकलं नव्हतं. मी काही आणलं नाही, म्हणजे मला साजरा करायचा नाही, असं समजून ते आदराने गप्प बसले होते. पुढच्या वर्षी मी नारळीपाकाचे लाडू नेले.

हा नियम कळला तेव्हा मला पहिल्या तुम्ही आठवलात. आपल्या वाढदिवशी आपणच सगळ्यांना करून घालायचं, हे तुम्ही किती वर्षं करत आला आहात. फरक एवढाच, की इथे खाणारा प्रत्येकजण आधी शुभेच्छा देतो.

मनूला तुम्ही विचारता ना, ती पोर पावावर राहते का म्हणून? नाही राहत, काकू. रात्री इथे पाव-चीज खातात हे खरं, पण मी वरण-भात लावते. वजन उतरलेलं नाही, फोटो तसा आला होता. आणि उशिरा घरी येते, तर ट्राम दारापाशी थांबते. मनू तुम्हाला अर्धंच सांगते.

खाण्यावरून सांगते, गेल्या वर्षी ऋषिपंचमीला मी तुमची ऋषीची भाजी केली. तुम्ही केलेली पाहिली होती तशी, क्रमाने. अळूची पानं आणि सोललेले देठ, देठांसकट लाल माठ, सुरण, मक्याच्या कणसाचे तुकडे, लाल भोपळा, पडवळ, दोडका, भेंडी, काकडी. तेल नाही, फोडणी नाही, हळद-हिंग नाही. मीठ, हिरवी मिरची, चिंच आणि शेवटी ओलं खोबरं. तुम्ही सुरणाच्या फोडी आधी चिंचेच्या पाण्यात ठेवल्या होत्या आणि हातालाही तेच पाणी लावलं होतं. मी कारण विचारलं, तर तुम्ही देठाचा एक कच्चा कण माझ्या जिभेला लावलात आणि म्हणालात, "आता कळलं?" अर्धा तास घसा खवखवत होता. अळू-सुरणात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते टोचतात, आणि चिंच व भरपूर शिजवणं यांनी ती खाज जाते, हे नंतर वाचलं. पण भाजी झाली की नाही ते ओळखायची तुमचीच रीत पक्की: देठ बोटाने दाबला तर लोण्यासारखा फुटला पाहिजे, आणि चाखून दोन मिनिटं थांबायचं. घसा गप्प राहिला तरच खोबरं घालायचं.

इथे मला अळू मिळालं नाही. मांगोल्ड नावाची पालेभाजी मिळते, लाल जाड देठांची, दिसायला आपल्या माठासारखी. पडवळाऐवजी झुकिनी, भोपळा इथला केशरी, सालीसकट शिजणारा. चिंच आणि किसून गोठवलेलं खोबरं आशियाई दुकानातून आणलं. मका आणि भोपळा आधी टाकला, झुकिनी आणि काकडी अगदी शेवटी, कारण त्या पाणी सोडतात. तरी भाजी पातळ झाली. अळू विरघळून जो दाटपणा देतं तो मांगोल्ड देत नाही. मग मी भोपळ्याच्या निम्म्या फोडी पळीने चेचल्या, तेव्हा कुठे ती वाटीत उभी राहिली. चव तुमच्याजवळ पोचली नाही, पण वास पोचला.

एक प्रश्न मात्र अडलाय आणि तो तुम्हालाच विचारते. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हा त्या दिवसाचा नेम. इथे बैल जुंपतच नाहीत, सगळी शेतं ट्रॅक्टरची. म्हणजे दुकानातलं सगळंच चालतं, की काहीच चालत नाही? मी असं ठरवलं: आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, त्यांचा शहराच्या कडेला बागेचा छोटा तुकडा आहे. अशा बागांच्या मंडळांची इथे 1864 पासूनची परंपरा आहे. शहरातली माणसं थोडी जमीन भाड्याने घेतात आणि सुट्टीच्या दिवशी राबतात. त्या आजी कुदळ-फावड्याने स्वतः खणतात. त्यांच्याकडच्या झुकिनी, मांगोल्ड आणि भोपळा घेतला. आपल्या हातांनी पिकवलेलं खावं, हे तुमच्या परसातल्या अळूत होतं ना, ते मला तिथे दिसलं. चुकलं असेल तर सांगा, यंदा बदलेन. यंदाची भाजी मी तुमच्या नावाने करणार आहे, आणि आजींना एक वाटी देणार आहे.

आता एक गोष्ट, जी सांगायला मी दोन पानं लांबवली. मनूच्या लग्नाला मला डिसेंबरात येता येणार नाही. माझं शिक्षण संपलं आणि 1 ऑगस्टपासून नोकरी लागली आहे, पण विद्यार्थ्याचा परवाना बदलून नोकरीचा मिळायचा आहे. तो कार्ड हातात येईपर्यंत बाहेर पडणं जोखमीचं आहे. हे खरं आहे, पण सगळं खरं नाही. कर्जाचे हप्ते आता सुरू होतील, आणि डिसेंबरातलं तिकीट काढलं तर दोन हप्ते बाबांना भरावे लागतील. मनूला हे मी येत्या रविवारी फोनवर स्वतः सांगणार आहे, म्हणजे तुम्ही हे वाचाल तोवर तिला माहीत असेल. तुम्ही म्हणाला होतात, "हळदीला मुलीसारखी माझ्या शेजारी उभी राहा." ते वाक्य रोज आठवतं. रागावलात तरी माझी तक्रार नाही.

पहिला पगार आठवड्यात येईल. त्यातले 11,001 रुपये मनूच्या खात्यावर टाकणार आहे, अहेर म्हणून नव्हे, तिच्या हळदीच्या साडीसाठी. परत पाठवू नका, माझी तेवढीच एक गोष्ट ठेवा. आणि माहेरच्या ओळखीतलं जे स्थळ तुम्ही आईला सुचवलंत, त्याबद्दल आईने मला सांगितलं. तुम्हाला माझी एवढी काळजी वाटली, याने भरून आलं. पण कर्ज निम्म्यावर येईपर्यंत मी लग्नाचा विचार करणार नाही, आईलाही तेच म्हटलंय. मुलाकडच्यांना ताटकळत ठेवू नका.

पंचमीच्या संध्याकाळी सातला, म्हणजे इथल्या साडेतीनला, मी व्हिडिओ कॉल करेन. मनूला सांगून ठेवलंय: पाट मांडायचा, तुम्हाला बसवायचं, तिने ओवाळायचं, आणि त्या वेळात चुलीकडे काकांनी बघायचं. तुम्ही उठू नका.

काकांना नमस्कार. घरच्या गणपतीला माझा नमस्कार सांगा.

तुमची,
शुभा

ता. क. अळूचे कंद पाकिटातून पाठवता येत नाहीत, कस्टममध्ये अडतात, तेव्हा मनूला त्रास देऊ नका. तुमच्या हाताने लिहिलेलं ऋषीच्या भाजीचं प्रमाण तेवढं पाठवा, मिठासकट.