पेन्सिलने लिहिलेल्या चार ओळींसाठी

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

आमच्या घरातल्या जुन्या मोडी पत्राविषयी तुम्ही लिहून दिलेला कागद काल आत्याला वाचून दाखवला. तिने तो माझ्याकडून पुन्हा वाचून घेतला. त्यानंतर तुमचे आभार मानल्यावाचून राहवेना, म्हणून हे पत्र.

प्लेगच्या वर्षांतलं ते मोडी पत्र आमच्या घरासाठी इतकी वर्षं डागच होतं. माझ्या पणजोबांच्या, म्हणजे आबांच्या, चुलत भावाने गारगोटीला आपल्या थोरल्या भावाला लिहिलेलं. घराण्याच्या स्मरणिकेसाठी एका अभ्यासकांनी त्याच्या फोटोवरून सारांश करून दिला होता: ‘१८९८च्या पत्रानुसार आबा आजारी आईला टाकून रानात राहायला गेले.’ ते तसंच छापलं गेलं. मूळ पत्र बघायला या म्हटलं, तर ‘फोटो पुरेसा आहे’ असं उत्तर आलं. आत्या त्या आबांची नात. लग्नकार्यात तिला यावरून काय काय ऐकावं लागलं, ते मी पाहिलं आहे.

तुम्ही तोच फोटो पाहिलात आणि आधी पाठीमागच्या बाजूचा फोटो मागितलात. मग म्हणालात, “या घडीवर सावली पडली आहे. फ्लॅश बंद करा, कागद खिडकीपाशी असा फिरवा की उजेड घडीच्या लांबीने जाईल, आडवा नको.” तसा फोटो काढला आणि सावलीत बुडालेले दोन शब्द वर आले. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, सगळी ओळ एका रेघेखाली सलग जाते, त्यामुळे तिथे काही राहिलंय हेच कोणाला कळलं नव्हतं. लिहिणाऱ्याची काकू म्हणजे आबांची आई. पूर्ण वाक्य होतं, ‘आबा काकूंस टाकून रानांत गेले असें ऐकितों.’

तारीखही तुम्हीच सरळ केलीत. माघ, शके १८२०. शकात सरसकट ७८ मिळवले की १८९८ येतं. पण मार्गशीर्ष-पौषात कधीतरी इंग्रजी वर्ष बदलतं, म्हणून माघ-फाल्गुनाला ७९ मिळवायचे. म्हणजे पत्र १८९९च्या सुरुवातीचं. काकू ‘गेल्या श्रावणांत’ वारल्या असं त्यात आहे, म्हणजे १८९८चा पावसाळा. आणि लिहिणारा स्वतःच सांगतो की तो दिवाळीत गारगोटीहून कोल्हापुरी परत आला. म्हणजे काकू वारल्या तेव्हा तो गावातच नव्हता! हे सगळं त्याच पत्रात होतं, कोणी एकत्र लावून पाहिलं नव्हतं इतकंच.

तुमच्या कागदावर लिहिणारा कोण, पत्र कोणाला आणि केव्हाचं, त्या वेळी गावात काय चाललं होतं, तो काय म्हणतो, हे सगळं शाईने आहे. त्याच्या म्हणण्याचेही तुम्ही भाग पाडलेत. ओस पडलेली पेठ आणि गावाबाहेरच्या झोपड्या त्याने डोळ्यांनी पाहिलेल्या. काकूंची गोष्ट कानावर आलेली. शेवटी मागणी: वाड्यातला अर्धा सोपा आणि परडं आपल्याकडे यावं, थोरल्या भावाने तसा शब्द टाकावा.

त्याखालच्या चार ओळी मात्र पेन्सिलने. ‘वाटणीत आबांचा हक्क कमी ठरावा, असा लिहिणाऱ्याचा हेतू असू शकतो. पत्र वाचणाराही त्याच वाटणीतला. म्हणून आबांविषयीचं विधान साक्ष म्हणून धरू नये. मात्र ते खोटं आहे, असंही या एका पत्रावरून म्हणता येत नाही.’ पेन्सिल का, असं विचारल्यावर तुम्ही म्हणालात, “वरचं पत्रात आहे. हे माझं अनुमान. उद्या आबांचं एखादं पत्र मिळालं तर खोडायला सोपं जावं.”

सर, खरं सांगते, ‘आबा निर्दोष’ असं कोणी शाईने लिहून दिलं असतं तर मी आनंदाने घेतलं असतं. तुम्ही दिलं नाहीत, आणि म्हणूनच आत्याचा तुमच्यावर विश्वास बसला. “माझ्या बाजूनेसुद्धा ते जास्तीचं बोलले नाहीत,” असं ती म्हणाली. मेलेल्या माणसाविषयी लिहिताना इतका हात आखडता घेणारी माणसं आमच्या वाट्याला आजवर आली नव्हती. तुम्ही तर आमच्या आबांबरोबर त्या चुलत भावाचीही अब्रू सांभाळलीत. प्लेगने उठलेल्या गावात निवाऱ्याच्या काळजीत असलेला माणूस म्हणून त्याच्याकडे पाहिलंत.

स्मरणिकेची नवी आवृत्ती निघते आहे. तुमच्या कागदाची प्रत मी आजच ती काढणाऱ्यांकडे दिली. झेरॉक्समध्ये शाई आणि पेन्सिल सारखीच दिसते, म्हणून त्या चार ओळींशेजारी समासात ‘मूळ कागदावर पेन्सिलने, वाचणाऱ्याचं अनुमान’ असं लिहिलं आहे. छापतानाही ते तसंच ठेवावं, असं त्यांना बजावून आले.

आपली कृतज्ञ,
आबांची पणती, कोल्हापूर